मिठावर हात ठेवून

कोलशेतच्या मिठागरांवर रखमाबाईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. मुकादमसुद्धा तिच्या बांधावर यायच्या आधी दुरून घसा खाकरायचा. चाळिशी ओलांडलेली बाई, पण डोक्यावर मिठाची पाटी घेऊन निघाली की समोरचे आपसूक बाजूला व्हायचे. कोण कामचुकार, कोण चुगलखोर, कुणाच्या पाटीत मीठ कमी आणि चिखल जास्त, हे ती तोंडावर सांगायची. अशा या बाईला दहा वर्षं एक दुखणं होतं, आणि त्याच्याबद्दल मात्र तिच्या तोंडून कधी एक अक्षर बाहेर पडलं नव्हतं.

मूळव्याध होती तिला. शेवटच्या बाळंतपणात लागली ती लागलीच. आधी नुसतं रक्त पडायचं. मग परसाकडे बसलं की मांसाचे कोंब बाहेर यायचे आणि उठलं की आपोआप आत जायचे. पुढेपुढे तेही आपोआप जाईनात. मग बोटाला खोबरेल लावायचं, कोंब आत ढकलायचे, लुगड्याचा काष्टा कसायचा आणि पाटी उचलायची. दहा वर्षांत हे तिनं इतक्या वेळा केलं होतं, की त्याचं तिला काही वाटेनासं झालं होतं. म्हणून त्या दिवशी कोंब आत गेले नाहीत, तेव्हा घाबरायलासुद्धा तिला उशीर झाला.

वैशाख संपत आला होता. वाफ्यांतलं शेवटचं मीठ ओढून काढायचं आणि त्याची रास लावायची, अशी घाई होती. या शेवटच्या राशीची तिथं एक रीत होती. रास पुरी झाली की ज्या घराचे वाफे त्या घरच्या बाईनं राशीत मनगटापर्यंत हात खुपसायचा आणि वर्षभरात घरात काय झालं ते सगळ्यांसमोर सांगायचं. जन्मलं कोण, गेलं कोण, भांडण झालं ते मिटलं की नाही. मग नारळ फुटायचा आणि रास गवतानं शाकारायची. मिठावर हात असताना खोटं बोललं तर पावसाळ्यात रास आतून पाणी होते, असं सगळे मानायचे. रखमाबाईही मानायची. वीस वर्षं तिनं हात खुपसला होता आणि गेली दहा वर्षं आपलं हे एक दुखणं गिळलं होतं. न सांगणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, अशी तिनं मनाची समजूत घालून ठेवली होती.

शेवटच्या राशीला पाच-सहा दिवसांचं काम उरलं असताना, दुपारी ओल्या मिठाची भरलेली पाटी उचलताना तिच्या कमरेखाली काहीतरी कळ मारत सरकलं. ती आडोशाला गेली. हाताला नेहमीचे कोंब लागले नाहीत. कोंबडीच्या अंड्याएवढा ताठर, टणटणीत गोळा लागला. तिनं तो ढकलला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. पुन्हा ढकलला. जागचा हलला नाही. संध्याकाळपर्यंत तो आणखी सुजला आणि तिला ना बसता येईना, ना चालता येईना.

तिनं सुनेला बोलावलं. नंदा दोन वर्षांपूर्वी या घरात आली होती. नवरा मुंबईला गोदीत कामाला, म्हणून सासूच्याच सावलीत राहायची. पोर कमी बोलायची, पण होडी अशी हाकायची की बापये बघत राहायचे, कारण बापाच्या होडीतच ती वाढली होती.

"दार लाव," रखमाबाई म्हणाली. "आनि बग. लाजू नको. मी लाजून लाजून ही पाली आनली."

नंदानं पाहिलं. तिचं तोंड पांढरं पडलं, पण ती मागे सरली नाही. तिनं सासूला पालथं निजवलं, कमरेखाली गोधडीची वळकटी दिली, गार पाण्यात भिजवलेलं फडकं बराच वेळ धरलं आणि मग बोटांना तेल लावून हलकेच दाब दिला. रखमाबाईनं गोधडी दातांत धरली. गोळा आत जाईना तशी नंदानं हात काढून घेतला.

"आये, जोर केला तर फाटंल ते. मना नाय करवत."

"मग नको करू," रखमाबाई म्हणाली, आणि रात्रभर पालथी पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी धाकूला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, सगळं सांगावंच लागलं. धाकू वाईट माणूस नव्हता. पण बायकोचं असलं दुखणं बायकोपेक्षा त्यालाच जास्त लाजवायचं. त्यानं कुणाला न सांगता महिपत भगताला आणलं. महिपतचा बापही भगतच होता. बापलेकांनी मिळून कोलशेत ते माजिवडा निम्म्या मुलखाच्या कमरांवर डागण्या दिल्या होत्या. महिपत उंबऱ्याबाहेर बसला. बाईमाणसाला बघणं बरं नव्हे म्हणाला, आणि न बघताच निदान केलं.

"बाहेरची बाधा हाय. राकंचा लेप लावा. उद्या सांजंला कमरंला डाग दिऊ. तिला घरातनं हलवू नका, उंबरा वलांडला तर माजी जबाबदारी नाय."

लेप लावला. त्या राखेत चुना होता आणि उघड्या मांसावर ती अशी झोंबली, की रखमाबाईनं महिपतच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आवाज उंबऱ्याबाहेर गेला. महिपत म्हणाला, बाधा बोलतेय. नंदानं मागच्या दारानं पाणी आणून तो लेप हळूच धुऊन टाकला.

तो सारा दिवस आणि ती रात्र कशी गेली ते रखमाबाईला नंतर नीट आठवेना. इतकंच आठवत होतं, की आतून कुणीतरी ठोके घालतंय असं वाटायचं आणि लघवीला लागायची पण थेंब उतरायचा नाही. पहाटे थंडी वाजून ताप भरला.

आणि तिसऱ्या दिवशी, ऊन डोक्यावर यायच्या सुमाराला, दुखायचं कमी झालं.

घरात सगळ्यांचे चेहरे खुलले. धाकू अंगणात जाऊन देवाच्या नावानं हात जोडून आला. महिपतला निरोप गेला, तो दात काढत आला आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "बगा, लेपाचा गुन." रखमाबाईलाही वाटलं, सुटले एकदाची. नंदानं दिलेली पेज ती दोन घोट प्याली आणि म्हणाली, "आता बरं वाटतंय."

हे शब्द आपल्याच कानांवर पडले आणि ती दचकली. हे तिनं ऐकलं होतं. असेच, याच आवाजात.

तिची आई. ती वीसेक वर्षांची असताना आई अशीच दोन दिवस पालथी पडली होती. काय झालंय ते कुणी सांगत नव्हतं, पोरींना खोलीत येऊ देत नव्हतं. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली होती, आता बरं वाटतंय. घरानं नारळ फोडला होता. महिपतच्या बापानं खोबरं वाटलं होतं. त्यानंतर आई थंडीतापानं कुडकुडत राहिली, पिवळी पडली, आणि आठव्या दिवशी गेली. बाधेनं गेली, असं सगळे म्हणाले. रखमाबाईही बावीस वर्षं तेच म्हणत आली होती.

तिनं पेजेचं भांडं बाजूला सारलं. "नंदा, दार लाव. परत बग. रंग काय तो सांग."

मिठागरावरच्या माणसाला रंग विचारला की तो लाजत नाही, कारण तिथं सगळं काम रंगावरच चालतं. वाफ्यातलं पाणी कधी लालसर झालं, मीठ कधी पांढरं धरलं, कुठे काळपट आलं आणि फुकट गेलं, हे बघायला नंदा याच सासूकडे शिकली होती. तिनं दाराच्या फटीतून उजेड येऊ दिला आणि नीट निरखून पाहिलं.

"परवा लालबुंद व्हतं. काल जांबलं. आज..." ती थांबली. "आज एका अंगाला कालं हाय, आये. चकाकत नाय. आनि वास येतोय."

"हात लाव त्या काल्या जागंला. लावलास?"

"लावला."

"मना नाय कललं," रखमाबाई म्हणाली. दुखणं बरं झालं नव्हतं. दुखणारं मांसच मरायला लागलं होतं. आईचंही असंच मेलं होतं, आणि घरानं नारळ फोडला होता.

ती उठली. कशी उठली ते तिचं तिला ठाऊक. दाराची कडी काढून, खांबाला धरून ती अंगणात आली. धाकू आणि महिपत विड्या ओढत बसले होते.

"मी ठान्याला जातंय. सरकारी दवाखान्यात."

धाकू उभा राहिला. "डोकं फिरलंय तुजं? आता तर बरी झालीस. तितं बापये डाक्तर. कापतात. आनि रास कोन लावल? तू नसशील तर मिठात हात कोन घालल?"

"मी मेली तर कोन घालनार हाय?"

"उंबरा वलांडू नको, रखमे," महिपत म्हणाला. "तुज्या आयशीनं पन ऐकलं नवतं..."

"माज्या आयशीनं ऐकलं व्हतं," रखमाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, म्हणून धाकूला जास्त भीती वाटली. "तुज्या बापाचं सगलं ऐकलं व्हतं तिनं. उंबरा वलांडला नाय, कुनाला दाखवलं नाय. गुमान मेली. मी काय तिच्यावानी शानी नाय."

धाकूनं बैलगाडी जुंपायला साफ नकार दिला. गाडी तिला नकोच होती. गाडीच्या दणक्यांनी वाटेतच जीव गेला असता. खाडीत भरती चढत होती. आणखी दोन घटकांनी पाणी फिरलं असतं आणि होड्या संध्याकाळपर्यंत चिखलात बसल्या असत्या. नंदानं कुणाला न विचारता कोपऱ्यातलं वल्हं उचललं. बांधापर्यंतचं अंतर चारशे पावलं होतं. पाट्या घेऊन जाणाऱ्या बायका थांबून बघत राहिल्या. रखमाबाई फेंगडी चालत होती आणि कुणी हसायच्या आत त्या-त्या तोंडाकडे रोखून बघत होती.

होडीत ती पालथी पडली. तळाच्या पाण्याचा थंडावा पोटाला लागला. नंदा उभ्यानं वल्हवत होती.

"आये, डाक्तर बापया असला तर?"

"असला तर असला. महिपत पन बापयाच हाय की. त्यानं न बगता राक लावली, हा निदान बगून लावल."

नंदा हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. मग तिनं जे वल्हं मारायला सुरुवात केली, ते ठाण्याचं बंदर येईपर्यंत थांबली नाही.

सरकारी दवाखान्यात तेव्हा हरिहर नावाचे डॉक्टर होते. तिशीचे, कल्याणच्या शिकल्यासवरल्या घरातले, मुंबईला वैद्यकी शिकून आलेले. मोठ्या शस्त्रक्रिया गोरा साहेब, म्हणजे सिव्हिल सर्जन, करायचा आणि हरिहरांनी त्याच्या हाताखाली राहायचं, अशी व्यवस्था होती. साहेब त्या दिवशी देवीच्या टोचणीची तपासणी करायला कल्याणला गेला होता आणि दुसऱ्या दिवशी परतायचा होता. जाताना बजावून गेला होता, की क्षुल्लक कारणासाठी तार करू नका.

सुनेच्या खांद्याचा आधार घेऊन आलेली ही बाई दारातच म्हणाली, "बसनार नाय मी, डाक्तर. बसता येत असतं तर आली नसती."

हरिहरांनी दवाखान्यातल्या दाईला बोलावलं, पडदा लावला, बाईला कुशीवर निजवलं आणि कंदील जवळ घेऊन पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बोटांच्या टोकांनी कडेकडेनं दाबून पाहिलं. नाडी मोजली, पोट चाचपलं.

"किती दिवस झाले?"

"परवा दुपारी पाटी उचलताना आलं ते."

"लघवी?"

"कालपासनं नाय."

"आत ढकलायचा प्रयत्न कुणी केला?"

"मी," नंदा पडद्याआडून म्हणाली. "गेलं नाय म्हनून सोडून दिलं. जोर नाय केला."

"फार चांगलं केलंस. जोरानं ढकललं असतंस तर फाटलं असतं." हरिहरांनी हात धुतले आणि पडदा सरकवला. "बाई, गुदद्वाराला एक गोल स्नायू असतो. पिशवीच्या तोंडाला नाडी असते तसा. कोंब बाहेर आले आणि त्या स्नायूनं त्यांचा गळा आवळला. आत रक्त येतंय, पण..."

"पन भाईर जायला वाट नाय," रखमाबाई म्हणाली. "भरतीचं पानी शिरलं आनि उघाडी अडकली तसं. पानी कोंडतं आनि बांध फुगतो."

हरिहर तिच्याकडे बघत राहिले. खाडीच्या पाण्याला अडवणारी ती लाकडी झडप त्यांनीही पाहिली होती, पण हे त्यांना कधी सुचलं नव्हतं. "अगदी तसंच. सूज वाढते, म्हणून फास आणखी आवळतो, म्हणून सूज आणखी वाढते. आतलं रक्त गोठतं. मग ताजं रक्त येणंही बंद होतं आणि मांस मरतं. तुमचं एका बाजूला मेलंय. तिथून विष रक्तात चढलं की थंडी वाजून ताप येतो, यकृतापर्यंत जातं, आणि मग माझ्या हातात काही राहत नाही."

"मानूस पिवलं पडतं?"

"पडतं. तुम्हाला कसं ठाऊक?"

रखमाबाईनं डोळे मिटले, आणि बावीस वर्षांपूर्वीची ती खोली, जिच्यात तिला कुणी जाऊ दिलं नव्हतं, पहिल्यांदा तिला आतून दिसली. तिला रडू आलं आणि रागही आला, आणि राग मोठा होता.

"उद्या चालंल?" तिनं विचारलं. "तुमचा सायब उद्या येतोय म्हनं."

चालेल, असं म्हणणं हरिहरांना सोपं होतं. अफू देऊन, गार पट्ट्या ठेवून एक रात्र काढता आली असती, आणि पुढे जे झालं असतं त्याचं खापर त्यांच्यावर फुटलं नसतं. मूळव्याधीनं कुणी मरत नाही, असं शहाणीसुरती माणसंही म्हणतात.

"नाही," ते म्हणाले. "मांस काळं पडलं नसतं, ताप नसता, तर थांबून पाहिलं असतं. आता नाही."

त्यांनी आधी नळी घालून तुंबलेली लघवी काढली. त्या एका गोष्टीनं रखमाबाईच्या तोंडावर अशी शांतता पसरली की नंदाला भरून आलं. मग त्यांनी थोडी अफू दिली आणि स्टेशनवर माणूस पाठवून कल्याणला तार केली. तारेत त्यांनी दुखण्याचं सभ्य नाव शोधत वेळ घालवला नाही. मूळव्याध अडकली आहे, मांस सडू लागलं आहे, ताप आहे, आज संध्याकाळी आला नाहीत तर मी स्वतः कापेन. शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर ते खोडायला त्यांनी लेखणी उचलली आणि तशीच खाली ठेवली.

साहेब संध्याकाळच्या गाडीनं आला. तांबडालाल होऊन आला, आणि मूळव्याधीसाठी तार करणाऱ्या डॉक्टरला काय म्हणतात ते इंग्रजीत सांगत आला. मग त्यानं पडद्याआड जाऊन पाहिलं. बाहेर आला तेव्हा तो अंगातला कोट काढत होता आणि हात धुवायला कार्बोलिकचं पाणी मागत होता.

"नवऱ्याची परवानगी?" त्यानं विचारलं. हरिहरांनी ते मराठीत सांगितलं.

"नवरा कोलशेतला रास लावतोय," रखमाबाई म्हणाली. "फासात त्याचं काय अडकलं नाय. आंगठा कुटं लावायचा ते दाखवा."

क्लोरोफॉर्मचा गोड वास नाकात शिरला तेव्हा तिला एकदम भीती वाटली. इतक्या वेळात पहिल्यांदाच. तिनं चाचपडून नंदाचा हात धरला. तो हात वल्ह्यानं सोलवटला होता. मग सगळं लांब गेलं.

ती झोपेत असताना साहेबानं दोन बोटांनी तो आवळलेला स्नायू हळूहळू ताणून सैल केला. फास सुटला. मेलेलं मांस कापलं, कोंब बुडाशी सोडवून रेशमी दोऱ्यानं घट्ट बांधले, बाहेरचा भाग छाटला आणि उरलेलं सारं आत सरकवलं. ते आता सहज गेलं. हरिहर एक हात तिच्या नाडीवर ठेवून तिचा श्वास मोजत होते. साहेबानं हात धुताना एवढंच म्हटलं, की उद्या आलो असतो तर उगीच आलो असतो.

ती पंधरा दिवस तिथं राहिली. पहिले चार दिवस अफूवर आणि पेजेवर. पाचव्या दिवशी एरंडेल दिलं, तेव्हा तिनं साहेबाचाही उद्धार केला, जो हरिहरांनी भाषांतरित केला नाही. गरम पाण्याच्या टोपात बसवायचे, तेव्हा बरं वाटायचं. दहाव्या दिवशी दोरे गळून पडले. ताप उतरला होता. धाकू चौथ्या दिवशीच आला होता, पण आत यायला त्याला आणखी एक दिवस लागला. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला आणि बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिला.

"रास लागली," तो म्हणाला. "शाकारली नाय. तू आल्याबिगर नाय शाकारनार, बोललो मुकादमाला."

"पाऊस आला तर?"

"आला तर आला," धाकू म्हणाला. ते ऐकून तिला त्याच्यावरचा निम्मा राग सोडून द्यावा लागला.

जाताना तो कुजबुजला, "गावात बोललोय का तुजा पाय मुरगाललाय. बांधावरनं पडलीस. समद्यांना तसंच सांगायचं हां."

तिनं कूस बदलली. तिचं गप्प राहणं त्यानं होकार समजला. एवढ्या वर्षांत ही चूक त्यानं करायला नको होती.

ती परतली तेव्हा आभाळ भरून आलं होतं. रास उघडीच होती. धाकूनं गवताच्या पेंढ्या रचून ठेवल्या होत्या आणि सगळं मिठागर गोळा झालं होतं. महिपतही आला होता. पाय आपल्याच लेपानं सुधारला, असं तो चार जणांना सांगत होता. नंदाचा हात धरून रखमाबाई राशीजवळ आली, पाय जरा फाकून उभी राहिली आणि तिनं उजवा हात मनगटापर्यंत मिठात खुपसला.

"या सालात माज्या घरी जन्माला कोन नाय आलं," ती म्हणाली. "गेलं पन कोन नाय. मी जानार व्हती." धाकूनं तिच्याकडे विनवणीनं पाहिलं. "माजा पाय मुरगालला नवता. मना मूलव्याद हाय. धा वर्सं व्हती. कोंब भाईर आले, सुजले, आत जायनात. काले पडले, तवा दुखायचं थांबलं, आनि घरानं देवाला हात जोडले. मी ठान्याला गेली. बापया डाक्तरांनी बगितलं आनि कापलं. म्हनून हितं हुबी हाय."

महिपत काहीतरी बोलायला पुढे झाला.

"थांब, मिठात हात हाय माजा," ती त्याला म्हणाली. "वीस वर्सं हितं हात घालून मी बोलत आली, माजी आय बाधेनं मेली. ते खोटं व्हतं. मना ठाव नवतं, पन खोटं व्हतं. ती यानंच मेली. तिला कोनी बगितलं नाय म्हनून मेली."

तिचा आवाज इथं फुटला. तिनं तो फुटू दिला. मग नाक पुसून बायकांच्या घोळक्याकडे वळली.

"आयका. भाईर आलेलं आत जात नसंल, सूज आनि कल थांबत नसंल, तर दुसऱ्या दिसाची वाट बगायची नाय. राक नाय, डाग नाय. आनि आपोआप दुखायचं थांबलं तर नारल फोडायचा नाय, होडी काढायची. नंदाकडं वल्हं हाय."

वाऱ्यानं पेंढ्या सळसळल्या. बायका खाली बघत होत्या. कुणी पदर तोंडाला लावला होता आणि धाकू कुठे तोंड लपवावं या विवंचनेत होता. रखमाबाईला वाटलं, चुकलं आपलं, यांना नुसतं चघळायला दिलं. तरीही तिनं हात काढला नाही.

मग मागच्या बाजूनं कुणीतरी पुढे आलं. महिपतची बायको होती ती, रतन. गेलं वर्षभर ती उभ्यानंच जेवायची आणि सगळे तिला नखरेल म्हणायचे. तिनं नवऱ्याकडे बघितलंही नाही. राशीजवळ आली आणि रखमाबाईच्या हाताशेजारी आपला हात मिठात खुपसला.

"मना पन हाय," ती म्हणाली.